तीन महिन्यांचा वर्षावास चार महिन्यांचा का झाला? : अधिक मासाचे गणित

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात वर्षावासाच्या सांगतेची तयारी चालू असताना आठवीतील एका विद्यार्थ्याने मला अडवले. तो म्हणाला, "सर, वर्षावास तीन महिन्यांचा असतो असे आपण शिकवता. पण आषाढ पौर्णिमा ३ जुलैला झाली आणि आश्विन पौर्णिमा २८ ऑक्टोबरला येते आहे. हे तर जवळजवळ चार महिने झाले." मी बोटांवर दिवस मोजले. एकशे सतरा भरले. तीन चांद्र महिन्यांचे दिवस अठ्ठ्याऐंशी किंवा एकोणनव्वद होतात. मुलाचे म्हणणे खरे होते. "त्या वर्षी अधिक श्रावण होता," एवढे उत्तर मी लगेच दिले. परंतु अधिक मास म्हणजे काय, तो का धरावा लागतो आणि किती वर्षांनी येतो हे नीट सांगायला एक तासिका पुरली नाही. ते अपुरे राहिलेले उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने पूर्ण करीत आहे.

दोन घड्याळे, एक भिंत

आकाशात काळ मोजण्याची दोन ठळक साधने आहेत. चंद्र एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवसांत येतो; तो आपला चांद्र महिना. सूर्याच्या गतीने ऋतूंचे एक चक्र पूर्ण होण्यास सुमारे ३६५.२५ दिवस लागतात. ते सौर वर्ष. या दोन मापांचा एकमेकांशी काहीही करार नाही. बारा चांद्र महिने मोजले तर ३५४.३७ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी पडतात. तेरा महिने धरावेत तर एकोणीस दिवस जास्त होतात. सौर वर्षात चांद्र महिने पूर्णांकात बसत नाहीत, हीच सगळ्या अडचणीची मुळी आहे.

या अडचणीतून वेगवेगळ्या समाजांनी वेगवेगळे मार्ग काढले. इस्लामी हिजरी कालगणनेने फक्त चंद्राशी इमान राखले. म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीस वर्षांच्या आसपास सर्व ऋतूंतून फिरून येतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या ग्रेगोरियन कालगणनेने चंद्राला सोडून दिले. तिचे महिने तीस-एकतीस दिवसांचे ठरवून टाकलेले आहेत, पौर्णिमा त्यांत कोणत्याही तारखेला येते. भारतातील पंचांगे, तसेच चीनची, ज्यूंची आणि थायलंडची पारंपरिक कालगणना यांनी दोन्ही सांभाळायचे ठरवले. महिना चंद्राचा, पण वर्ष ऋतूंना धरून. यालाच चांद्रसौर कालगणना म्हणतात. दोन्ही सांभाळायचे म्हणजे मागे पडणारे अकरा अकरा दिवस साठवत ठेवायचे आणि ते एका महिन्याएवढे झाले की वर्षात तेरावा महिना धरायचा. तोच अधिक मास.

दसऱ्याच्या तारखांवरून पडताळा

हे केवळ पुस्तकातून पटवून घेण्याची गरज नाही. आपल्या जिव्हाळ्याच्या एका दिवसावरून ते कोणालाही तपासता येते. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली तो दिवस १४ ऑक्टोबर होता आणि त्याच दिवशी आश्विन शुद्ध दशमी, म्हणजे अशोक विजयादशमी होती. पुढे त्या दोन खुणा वेगळ्या झाल्या. १४ ऑक्टोबर ही तारीख जागची हलत नाही, दशमी मात्र तिच्या मागेपुढे होत राहते. म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिन कोणी तारखेने साजरा करतात, कोणी तिथीने.

जुन्या दिनदर्शिका काढून दशमीच्या तारखा एका खाली एक लिहा. २०१८ साली ती १८ ऑक्टोबरला होती. २०१९ साली ८ ऑक्टोबरला, म्हणजे दहा दिवस अलीकडे आली. याच चालीने २०२० साली ती सप्टेंबरच्या शेवटी यायला हवी होती. पण ती आली २५ ऑक्टोबरला, सतरा दिवस पुढे. कारण त्या वर्षी आश्विन महिना दोनदा आला होता. पुढे २०२१ साली १५ ऑक्टोबर, २०२२ साली ५ ऑक्टोबर, अशी पुन्हा पीछेहाट झाली आणि २०२३ साली अधिक श्रावणामुळे दशमी एकदम २४ ऑक्टोबरवर गेली. नंतर २०२४ साली १२ आणि २०२५ साली २ ऑक्टोबर. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने दशमी २० ऑक्टोबरला येते.

या स्तंभाकडे पाहिले म्हणजे सगळी यंत्रणा डोळ्यांसमोर उभी राहते. दोन पावले मागे, दहा ते बारा दिवसांची. मग एक उडी पुढे, सतरा ते एकोणीस दिवसांची. उडी एवढीच का? कारण तीस दिवसांचा महिना वाढतो आणि त्याच वर्षीची अकरा दिवसांची घट त्यातून वजा होते. कधी दोन पावलांनंतर उडी येते, कधी एका पावलानंतरच. या मागेपुढे होण्यातच दशमी ऑक्टोबरच्या आसपास बांधलेली राहते, दोरीने खुंटाला बांधलेल्या वासरासारखी.

ही दोरी नसती तर काय झाले असते? १९५६ नंतर एकही अधिक मास धरला नसता, तर सतरा वर्षांत मागे पडलेले दिवस १८५ झाले असते. म्हणजे १९७३ साली आश्विन शुद्ध दशमी १२ एप्रिलच्या सुमारास, भीमजयंतीच्या तोंडावर, भर उन्हाळ्यात आली असती. आश्विनातले भाताचे पीक एप्रिलमध्ये कापता येत नाही. शेतकऱ्याच्या, भिक्खूच्या आणि सारा गोळा करणाऱ्या राजाच्या दृष्टीने असे पंचांग निरुपयोगी ठरले असते.

वाढीव महिना कोणता, हे कसे ठरते?

अकरा दिवस साठत जातात हे खरे, पण तेरावा महिना वर्षात नेमका कुठे घालायचा? भारतीय पंचांगांचा नियम सोपा आणि सुंदर आहे. सूर्याच्या मार्गाचे बारा समान भाग, म्हणजे राशी, कल्पिले आहेत. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो त्या क्षणाला संक्रांती म्हणतात. दर चांद्र महिन्यात साधारणपणे एक संक्रांती पडते आणि तीवरून त्या महिन्याला नाव मिळते. कर्क संक्रांती ज्यात पडते तो आषाढ, सिंह संक्रांती ज्यात पडते तो श्रावण. एखाद्या चांद्र महिन्यात एकही संक्रांती पडली नाही, तर त्याला स्वतःचे नाव उरत नाही. तो पुढच्या महिन्याचे नाव उसने घेतो आणि 'अधिक' म्हणवला जातो. त्यामागून येणारा खरा महिना 'निज'.

२०२३ सालचे उदाहरण पाहू. सूर्याने कर्क राशीत प्रवेश केला १७ जुलैच्या पहाटे. अमावास्या संपली त्याच रात्री, मध्यरात्र उलटताच. म्हणजे कर्क संक्रांती सरत्या महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी पडली आणि त्या महिन्याचे आषाढ हे नाव पक्के झाले. नवा चांद्र महिना सुरू झाला तो पुढची अमावास्या १६ ऑगस्टला दुपारी संपेपर्यंत चालला. सूर्य सिंह राशीत गेला १७ ऑगस्टला दुपारी. एका दिवसाहून कमी वेळाने संक्रांती हुकली. मधला महिना दोन संक्रांतींच्या पोटात पूर्ण मावला आणि अधिक श्रावण ठरला. १७ ऑगस्टपासून निज श्रावण मोजला गेला.

सूर्य एका राशीत सरासरी साडेतीस दिवस असतो आणि चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणून चांद्र महिना सौर महिन्यात मावू शकतो. परंतु सूर्याचा वेग वर्षभर सारखा नसतो. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीस सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीस सर्वांत दूर. त्यामुळे उन्हाळा-पावसाळ्यात सूर्य एका राशीत एकतीस दिवसांहून अधिक रेंगाळतो, तर हिवाळ्यात साडेएकोणतीसहूनही कमी दिवसांत राशी ओलांडतो. म्हणूनच अधिक मास बहुधा चैत्र ते आश्विन या महिन्यांत सापडतो. उलट हिवाळ्यात क्वचित एकाच चांद्र महिन्यात दोन संक्रांती पडतात आणि एक महिना गाळावा लागतो. त्याला क्षय मास म्हणतात. १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षी तसे घडले आणि त्या भरपाईसाठी अलीकडे-पलीकडे दोन अधिक मास धरावे लागले.

किती वर्षांनी?

सरासरी काढणे प्राथमिक शाळेतील भागाकाराचे काम आहे. वर्षाला १०.८८ दिवस साठतात, महिना भरायला २९.५३ दिवस लागतात. भागाकार येतो सुमारे २.७१ वर्षे, म्हणजे साडेबत्तीस महिने. जुन्या परंपरेत बत्तीस महिने सोळा दिवस असे जे माप सांगितले जाते, ते याच्याशी उत्तम जुळते. परंतु ही सरासरी आहे. २०१२ साली भाद्रपद, २०१५ साली आषाढ, २०१८ साली ज्येष्ठ, २०२० साली आश्विन आणि २०२३ साली श्रावण अधिक होता. यांतील अंतरे अनुक्रमे ३४, ३५, २८ आणि ३४ महिन्यांची आहेत. तेव्हा "दर तीन वर्षांनी अधिक मास येतो" हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य ढोबळ आहे. तीन वर्षांनीच धरत गेलो, तर पंचांग हळूहळू मागे पडेल.

अधिक नेमके सांगायचे तर एकोणीस वर्षांत सात वेळा. एकोणीस वर्षांचे साधे महिने २२८, त्यात सात मिळवले की २३५. या २३५ चांद्र महिन्यांचे दिवस ६९३९.६९ होतात आणि एकोणीस सौर वर्षांचे ६९३९.६०. फरक अवघा दोन तासांचा. बाबिलोनच्या लोकांनी हे चक्र इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास वापरात आणले. अथेन्सच्या मेटनचे नाव त्याला इसवी सनापूर्वी ४३२ पासून चिकटले आहे. आपल्या पंचांगात एकोणीसचा नियम लिहिलेला नाही, तेथे संक्रांतीच पाहतात. तरी चक्र आपोआप उमटते. २००१ मध्ये आश्विन अधिक होता, २०२० मध्येही आश्विनच. २००४ मध्ये श्रावण, २०२३ मध्येही श्रावण. १९५६ पासून अशी तीन चक्रे, म्हणजे सत्तावन्न वर्षे मोजली, की २०१३ साल येते. त्या वर्षी दशमी १३ ऑक्टोबरला होती. सत्तावन्न वर्षांत एका दिवसाचे अंतर!

प्रमाण चुकले तर काय होते याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. वेदांग ज्योतिषात पाच वर्षांचे युग धरले असून त्यात बासष्ट चांद्र महिने, म्हणजे दोन अधिक मास आहेत. युगाचे दिवस १८३०. कौटिलीय अर्थशास्त्रातही अडीच वर्षांनी अधिक मास धरण्याची हीच रीत आढळते. ऐकायला ती सोयीची आहे, पण पाच सौर वर्षांचे खरे दिवस १८२६ च्या थोडे वर असतात. या रीतीने तीस वर्षांत बारा अधिक मास धरले जातील, जरूर मात्र अकरांचीच आहे. तीस वर्षांत अख्खा महिना पुढे! एका पिढीच्या आत चूक पावसावरून ध्यानात आली असणार. जे पंचांग नियमाला चिकटून राहील ते ऋतूला चुकेल. आकाशाकडे पाहून नियम दुरुस्त करावा लागेल.

वर्षावासाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भिक्खूंनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहावे हा नियम कसा झाला, ते विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे. पावसात फिरणारे भिक्खू हिरवे गवत आणि बारीक जीवजंतू तुडवतात अशी लोकांची तक्रार होती. म्हणजे हा नियम पावसाशी बांधलेला आहे, महिन्याच्या नावाशी नव्हे. तेथेच वर्षावासाच्या आरंभाचे दोन दिवस दिले आहेत : आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, किंवा त्यानंतर एक महिन्याने. आणि लगेच मगधराज बिंबिसाराचा प्रसंग येतो. राजाला वर्षावास पुढे ढकलायचा होता. भिक्खूंनी पुढच्या पौर्णिमेला वर्षावास धरावा, असा निरोप त्याने पाठवला. भगवान बुद्धांनी याबाबत राजाचे म्हणणे मानण्यास अनुमती दिली. राजाने त्या वर्षी महिना वाढवला असावा, असा अर्थ अभ्यासक या प्रसंगाचा लावतात. पंचांग राखणे तेव्हा राज्याचे काम होते आणि संघाने लोकांपासून वेगळे पंचांग चालवले नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे टिपून ठेवावे.

थायलंडची कालगणना आजही हाच धागा धरून आहे. तेथे संक्रांती पाहून महिना ठरवत नाहीत. अधिक मास एकोणीस वर्षांत सात वेळा येतो, पण तो नेहमी आठव्या महिन्याचा, म्हणजे आषाढाचाच, असतो. वर्षावास दुसऱ्या आषाढाच्या पौर्णिमेनंतर सुरू होतो. वाढीव महिना नेहमी वर्षावासाच्या आधी पडत असल्यामुळे तीन महिन्यांचे तीनच महिने राहतात. अशा वर्षी विशाख पूजाही सहाव्याऐवजी सातव्या महिन्यात घेतात. म्हणून २०२३ साली आपली बुद्ध पौर्णिमा ५ मे रोजी झाली आणि थायलंडची ३ जूनला. त्यांची आषाढ पूजा १ ऑगस्टला होती.

आपल्या पंचांगात मात्र अधिक मास संक्रांती नेईल तिकडे जातो. तो वैशाख, ज्येष्ठ किंवा आषाढ असला तर प्रश्न उद्भवत नाही. २०१८ साली ज्येष्ठ अधिक होता. आषाढ पौर्णिमा २७ जुलैला आणि आश्विन पौर्णिमा २४ ऑक्टोबरला, बरोबर एकोणनव्वद दिवस. पण श्रावण, भाद्रपद किंवा आश्विन अधिक झाला की तो वर्षावासाच्या पोटात येतो आणि पौर्णिमेच्या नावांवरून मोजणाऱ्यास चार महिने दिसतात. २००१ ते २०१९ या एकोणीस वर्षांत सात अधिक मासांपैकी तीन असे होते : २००१, २००४ आणि २०१२ साली. पुढच्या चक्रात २०२० आणि २०२३ साली तेच घडले.

मग २०२३ साली तीन महिने कसे मोजायचे? विनयाने उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. ३ जुलैच्या पौर्णिमेनंतर आरंभ केला, तर तिसरी पौर्णिमा २९ सप्टेंबरची, भाद्रपदातली येते. उशिराचा आरंभ घेतला, तर तो अधिक श्रावणाच्या पौर्णिमेनंतर, म्हणजे १ ऑगस्टनंतर येतो आणि तिसरी पौर्णिमा २८ ऑक्टोबरची, आश्विनातली. आषाढ आणि आश्विन ही दोन्ही नावे धरून ठेवली तर मात्र तीन महिने राहत नाहीत. यांपैकी काय स्वीकारायचे हा संघाचा अधिकार आहे; पण थायलंडची आषाढ पूजा आणि आपल्या अधिक श्रावणाची पौर्णिमा एकाच १ ऑगस्टला आली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चंद्र एकच होता, नावे निराळी होती.

एक मर्यादा आणि एक गैरसमज

अधिक मास चंद्राला सूर्याशी जोडतो. पण तो सूर्य ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेला असेल तर ऋतूंशी बारीक तफावत राहतेच. आपली पंचांगे राशी ताऱ्यांवरून धरतात. ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे, आणि बहात्तर वर्षांच्या आसपास एक दिवस सरकतो. म्हणून दिवस मोठा होऊ लागतो २२ डिसेंबरच्या सुमारास, पण मकर संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. कितीही अधिक मास धरले तरी ही चूक सुटत नाही. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने ती स्पष्ट केली. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका संपूर्ण सौर आहे. तिला अधिक मास लागत नाही.

गैरसमज महिन्याच्या नावांतच दिसतो. संक्रांती नसलेल्या या महिन्याला मलमास म्हटले गेले, खेड्यापाड्यांत धोंड्याचा महिना म्हटले गेले. त्यात लग्न करू नये, नवे काम काढू नये, दानाचे फळ मात्र अनेकपट मिळते, अशा समजुती त्याला चिकटल्या. वर मांडलेल्या हिशेबात शुभ किंवा अशुभ असा आकडा कोठेही लागला नाही. २०२३ साली सूर्य एक दिवस आधी सिंह राशीत गेला असता, तर तोच महिना साधा श्रावण ठरला असता. त्या तीस दिवसांत पाऊस तोच पडला असता आणि सहामाहीचा अभ्यासही तोच करावा लागला असता.

त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या दिवशी वसतिगृहातील जुन्या दिनदर्शिका आणायला सांगितले. त्याने व त्याच्या मित्रांनी दशमीच्या तारखा फळ्यावर लिहिल्या, मागे आलेले दिवस वजा केले, पुढे गेलेले मिळवले. २०२६ साली ती कोठे येईल, असे मी विचारले. छापील दिनदर्शिका अजून आली नव्हती. थोडा वेळ आकडेमोड करून त्यांनी सांगितले, "ऑक्टोबरच्या वीस तारखेच्या जवळपास." कोणा जाणत्याला विचारण्याची त्यांना गरज पडली नाही.